सुगीची पट्टी ते महिन्याचा पगार : सहा एकरांच्या घराचं वार्षिक पत्रक (प्रकल्प नोंदी)

६ ऑक्टोबर २०२४

काम एवढंच आहे: सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या तीन पट्ट्यांवर, म्हणजे माल विकून हाती येणाऱ्या पैशांवर, चालणाऱ्या घराला दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेली रक्कम हातात मिळेल असं पत्रक बांधायचं. मग हंगाम पुढे सरकेल तसं ते तपासत राहायचं.

कुटुंब नमुन्याचं धरलं आहे. लातूर जिल्हा, माणसं पाच, जमीन सहा एकर. चार एकरांत सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक. उरलेल्या दोन एकरांत नुसतं सोयाबीन आणि त्यावर विहिरीच्या पाण्यावर हरभरा. उतारा मध्यम धरला: सोयाबीन ४० क्विंटल, तूर १२, हरभरा १४. बियाणं आणि घरची डाळ म्हणून सोयाबीनचे दोन क्विंटल, तुरीचा एक आणि हरभऱ्याचा एक बाजूला काढला. विकायला उरतं ३८, ११ आणि १३.

भाव हमीभावाने धरायचा की बाजाराच्या भावाने, हा पहिलाच प्रश्न. यंदा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आहे, पण आडतीवर त्याच्या बराच खाली माल जातो आहे. घरखर्चाचं पत्रक हमीभावावर बांधलं तर पहिल्याच पट्टीला ते मोडेल. म्हणून सोयाबीन ४,२००, तूर ७,०००, हरभरा ५,३०० धरले. यातून १,५९,६००, ७७,००० आणि ६८,९०० असे तीन आकडे येतात. एकूण ३,०५,५०० रुपये. हमीभावाने विक्री झालीच, तर वरचे पैसे पत्रकाबाहेरचे समजायचे.

पीएम-किसान आणि नमो शेतकरी यांचे मिळून वर्षाला १२,००० येतात. कालच, ५ तारखेला, पीएम-किसानचा अठरावा हप्ता वाशिमच्या कार्यक्रमातून सुटला. रक्कम ठरलेली असली तरी दिवस ठरलेला नाही, म्हणून हे पैसे महिन्याच्या खर्चात धरले नाहीत. ते सरळ आजारपणाच्या बाजूला टाकले.

१३ ऑक्टोबर २०२४

खर्चाची बाजू. ‘महिन्याला किती लागतं?’ असं विचारलं की जे उत्तर येतं, ते बहुधा किराण्यापुरतं असतं. आठवणीवर विसंबण्यापेक्षा तीन ठिकाणचा माग काढायचा. पहिला दुकानदाराच्या खातेवहीचा: गेल्या वर्षभरात घराच्या नावावर पडलेली प्रत्येक रक्कम, तारखेसकट. दुसरा फोनवरून केलेल्या व्यवहारांच्या यादीचा. तिसरा गॅसच्या टाक्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि शाळेच्या पावत्यांचा. तिन्ही एकत्र मांडले की महिन्याचा आकडा सांगितलेल्याहून वरच निघतो.

नमुन्यासाठी महिन्याला ९,००० धरले. त्यात किराणा ४,०००, ज्वारी-गहू यातच. भाजी-दूध १,५००, वीज, गॅस, फोन मिळून १,३००, किरकोळ दवाखाना १,०००, येणं-जाणं ७०० आणि बाकीचं ५००. पोळा, गौरी-गणपती यातच भागवायचे. ते अवघड आहे, पण दर सणाला वेगळा रकाना दिला तर पत्रक कोणी भरतच नाही.

वर्षातून एकदाच येणारे मोठे खर्च वेगळे: जूनमध्ये शाळा १५,०००, दिवाळी १२,०००, लग्नसराईतला आहेर आणि पाहुणे १०,००० (एप्रिल), मोटार किंवा घराची डागडुजी १०,००० (मे), मोठं आजारपण १५,०००. आजारपणाचे १२,००० दोन योजनांच्या हप्त्यांतून येतील, वरचे ३,००० घरातून.

शेतीचा खर्च पिकाप्रमाणे न मांडता महिन्याप्रमाणे मांडला, कारण पैसे पिकाला नाही, तारखेला लागतात. जूनमध्ये मोगडणी, पेरणी, तुरीचं बियाणं, बीजप्रक्रिया आणि डीएपीच्या सहा पिशव्या (पिशवीला १,३५०) मिळून २३,१००. जुलैत तणनाशक आणि खुरपणी १५,०००. ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या फवारण्या ९,०००. सोयाबीनची कापणी गुत्त्याने एकरी ४,०००, म्हणजे २४,०००. मळणी क्विंटलला २५० प्रमाणे १०,०००. पुढे तुरीची फवारणी ६,००० आणि काढणी ९,०००, हरभऱ्याला सगळं मिळून १७,२००. गाडीभाडं, हमाली, तोलाई क्विंटलला ८० धरली.

२० ऑक्टोबर २०२४

पत्रक जानेवारी ते डिसेंबर करायचं नाही. वर्ष नोव्हेंबरपासून, म्हणजे सोयाबीनच्या पट्टीपासून धरायचं. जानेवारीपासून धरलं की सर्वांत कोरडा काळ मधोमध येतो आणि त्याच्यानंतर पुन्हा आलेले पैसे दिसून मनाला खोटी उभारी मिळते. नोव्हेंबरपासून धरलं की कोरडा काळ शेवटी येतो आणि खरी शिल्लक ऑक्टोबरच्या ओळीत उघडी पडते.

संगणकावर करणाऱ्यांसाठी: B जमा, C खर्च, D शिल्लक. दुसरी ओळ नोव्हेंबरची.

```
D2:  =B2-C2
D3:  =D2+B3-C3
D14: =MIN(D2:D13)
```

D3 चं सूत्र खाली D13 पर्यंत ओढायचं. D14 मध्ये वर्षातली सर्वांत खालची शिल्लक दिसते. पीककर्ज मुद्दाम बाहेर ठेवून पहिली फेरी अशी आली:

| महिना | जमा | खर्च | शिल्लक |
|---|---|---|---|
| नोव्हेंबर | १,५९,६०० | ७०,७०० | ८८,९०० |
| डिसेंबर | – | ११,००० | ७७,९०० |
| जानेवारी | – | १८,००० | ५९,९०० |
| फेब्रुवारी | ७७,००० | १८,४०० | १,१८,५०० |
| मार्च | ६८,९०० | १०,००० | १,७७,४०० |
| एप्रिल | – | १९,००० | १,५८,४०० |
| मे | – | १९,००० | १,३९,४०० |
| जून | – | ४७,१०० | ९२,३०० |
| जुलै | – | २४,००० | ६८,३०० |
| ऑगस्ट | – | १८,००० | ५०,३०० |
| सप्टेंबर | – | ९,००० | ४१,३०० |
| ऑक्टोबर | – | १२,००० | २९,३०० |

नोव्हेंबरच्या ७०,७०० मध्ये सुगीची मजुरी, दिवाळी, हरभऱ्याची पेरणी आणि तुरीची फवारणी, सगळं आहे.

या तक्त्यात बघायची ओळ मार्चची. त्या दिवशी घरात १,७७,४०० रुपये आहेत, वर्षातले सर्वांत जास्त. आणि पुढे सात महिने एक रुपया येणार नाही. त्या सात महिन्यांना लागतात १,४८,१००. म्हणजे पावणेदोन लाखांतले मोकळे फक्त २९,३००. गाडीचं डाऊन पेमेंट, सोनं, लग्नातला मोठा आहेर हे निर्णय नेमके याच पंधरवड्यात होतात. पैसे उधळले म्हणून घर जुलैत उधारीवर येतं असं क्वचितच असतं. जुलैचे पैसे मार्चमध्ये मोकळे दिसतात, हे खरं कारण.

२७ ऑक्टोबर २०२४

वरच्या तक्त्यात एक चूक आहे आणि ती महत्त्वाची आहे. कापणी-मळणीचे ३४,००० नोव्हेंबरमध्ये टाकले, पण कापणाऱ्या टोळ्या ऑक्टोबरमध्येच रोख मागतात. पट्टी तर माल वाळवून, बाजारात नेऊन मग होते. मधले दोन-तीन आठवडे कोण भागवतं? आडत्या. तो उचल देतो, व्याज लावत नाही, आणि माल त्याच्याच दुकानात यायचा हे न बोलता ठरतं. मग दोन दुकानं फिरून भाव बघता येत नाही, वजनात कडता कापला तर बोलता येत नाही. उचलीची खरी किंमत व्याजात शोधली तर सापडत नाही. ती क्विंटलमागे गेलेल्या रुपयांत असते.

म्हणजे नोव्हेंबरमधले ३४,००० हे खरं तर मागच्या महिन्यातल्या उचलीची फेड आहे. उचलीतून बाहेर पडायचं तर एका वर्षात दोन सुगींची मजुरी भरावी लागते: गेल्या सुगीची नोव्हेंबरमध्ये आणि पुढच्या सुगीची ऑक्टोबरमध्ये, स्वतःच्या पैशाने. तशी ओळ टाकली की ऑक्टोबर २०२५ ची शिल्लक २९,३०० वरून उणे ४,७०० होते.

त्यात दिवाळी. यंदा लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आहे, पुढच्या वर्षी २१ ऑक्टोबरला. म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एकाच वर्षात दोन दिवाळ्या बसतात. आणखी १२,००० गेले, खालचा आकडा उणे १६,७००. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे नोव्हेंबर २०२५ पासूनचं वर्ष आपोआप हलकं होईल. पत्रक बांधताना पुढच्या दोन दिवाळ्यांच्या तारखा दिनदर्शिकेतून काढून लिहायच्याच.

उणे १६,७०० एका वर्षात भरून काढायचा हट्ट धरला नाही. मळणीयंत्रवाले पट्टीपर्यंत थांबतात, ते १०,००० नोव्हेंबरमध्येच ठेवले. उरले ६,७००. ते डागडुजीच्या १०,००० मधून घ्यायचे, मोटार जळली नाही तर. जळलीच, तर त्या वर्षी कापणीपुरती अर्धी उचल घ्यायची आणि तेवढ्याच मालाची बोली करायची, सगळ्या मालाची नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

पट्टीचा महिना. तीन गोष्टी तपासल्या.

पहिली ओलावा. हमीभाव केंद्रावर सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा असते. परवा केंद्र सरकारने या हंगामापुरती ती १५ टक्के केली. आडतीवर ओल्या मालाचा भाव कापतात, तेव्हा कापलेला भाव रास्त आहे का हे गणिताने कळतं. १६ टक्के ओलाव्याचा १०० किलो माल १२ टक्क्यांवर वाळवला की साडेपंच्याण्णव किलो उरतो. म्हणजे साडेचार टक्के घट. ४,२०० च्या भावाला ती क्विंटलमागे साधारण १९० रुपये होते. आडत्या ओल्या मालाला १९० पर्यंत कमी देत असेल तर वाळवण्यात मजुरीशिवाय काही मिळत नाही. ३०० कमी देत असेल तर ताडपत्रीवर तीन-चार उन्हं दाखवणं परवडतं.

दुसरी हमीभावाची विक्री. ४,८९२ मिळाले तर ३८ क्विंटलवर २६,००० च्या वर फरक पडतो, म्हणजे जवळजवळ वर्षाच्या शिल्लकेइतका. नोंदणी करावीच. पण संदेश यायला वेळ लागतो, बारदाना संपला की खरेदी थांबते आणि पैसे खात्यात येईपर्यंत आणखी दिवस जातात. म्हणून नोव्हेंबरच्या खर्चाइतका माल आधी आडतीवर विकायचा आणि उरलेला केंद्रासाठी थांबवायचा. ७०,७०० ला १७ क्विंटल लागतात. उरतात २१.

तिसरी तारण. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी ६ टक्क्यांनी. १५ क्विंटलचा हिशोब केला: किंमत ६३,०००, कर्ज ४७,२५०, सहा महिन्यांचं व्याज साधारण १,४००. क्विंटलला ९३ रुपये. माल आणखी सुकून दोन टक्के घटतो, त्याचे ८४. गाडीची दुसरी खेप धरली की भाव २०० रुपयांनी वाढल्याशिवाय थांबण्यात फायदा नाही.

इथे एक नियम ठरवला: जो माल घरखर्चाचा आहे तो तारण ठेवून भावासाठी थांबवायचा नाही. थांबवायचा तो फक्त शिल्लकेचा, म्हणजे नमुन्यात फार तर सात क्विंटल. बाकीच्या मालाचे मालक पुढचे महिने आहेत.

पट्टीचे पैसे कुठे ठेवायचे हेही आजच ठरवलं. थकीत कर्ज असलेल्या बँकेच्या खात्यात घेतले तर होल्ड लागण्याची भीती असते, म्हणून थकबाकी असलेल्याने आधी शाखेत विचारून मगच आडत्याला खातेक्रमांक द्यावा. पट्टी खात्यावर आणि लेखीच घ्यावी. हमाली, तोलाई सोडून दुसरी कपात दिसली तर तिथेच विचारावी. आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नसते, २०१६ पासून ती खरेदीदाराकडून घ्यायची आहे.

२६ फेब्रुवारी २०२५

सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खालीच आहे. तारण ठेवून २०० रुपयांची वाट बघणाऱ्याला या हंगामात काही हाती लागलेलं नाही. सात क्विंटलची मर्यादा घातली नसती तर पत्रकाला मोठा फटका बसला असता.

पीएम-किसानचा एकोणिसावा हप्ता २४ तारखेला आला. तो आजारपणाच्या ठेवीत.

२३ मार्च २०२५

हरभऱ्याची पट्टी धरून शिल्लक १,७७,४००. आज वाटणीचा दिवस. ज्या दिवशी पट्टी जमा होते त्याच दिवशी वाटणी करायची. आठवडा गेला की त्या पैशाला दुसरे मालक मिळतात.

सोसायटीचं पीककर्ज एक लाख धरलं आहे, मागच्या जूनमध्ये घेतलेलं. मुदत ३१ मार्च धरली. संस्थेप्रमाणे आणि पिकाप्रमाणे तारीख वेगळी असते, ती मंजुरीच्या कागदावर बघायची. मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. एक दिवस उशीर झाला तरी ती सवलत जाते. नुसत्या ७ टक्क्यांनी धरलं तरी नऊ महिन्यांचे ५,२५० होतात, म्हणजे घराचा अर्ध्याहून जास्त महिना.

तेव्हा आधी १,००,००० सोसायटीला. उरले ७७,४००, त्याचे तीन भाग:

एप्रिल आणि मे यांचा घरखर्च, आहेर आणि डागडुजी मिळून ३८,०००. हे दुसऱ्या खात्यात. तिथून दर महिन्याच्या १ तारखेला ९,००० घरच्या खात्यात आपोआप जातील अशी सूचना बँकेला द्यायची. घरातल्या ज्या बाईच्या हाती व्यवहार आहे तिच्या नावाचं खातं असेल तर उत्तम. या खात्याचं कार्ड खिशात ठेवायचं नाही.

पेरणीचे २३,१००, मेच्या शेवटी संपणारी मुदत ठेव करून. दोन महिन्यांत व्याज किरकोळच मिळतं. उपयोग व्याजाचा नाही, ठेव मोडायला शाखेत जावं लागतं याचा आहे.

राहिले १६,३००. जूनचा घरखर्च आणि शाळा मिळून २४,००० लागतात. ७,७०० कमी.

६ एप्रिल २०२५

हे ७,७०० म्हणजे नव्या-जुन्याची फट. जुनं कर्ज भरायचं आणि नवं उचलायचं, याला ‘नवं-जुनं’ म्हणतात आणि कागदावर ते एका दिवसाचं काम वाटतं. प्रत्यक्षात सातबारा, आठ-अ, बोजा, मंजुरी आणि शाखेत रोकड असणं, यांत आठवडे जातात. नवे एक लाख मेअखेर आले तर पत्रकात काही अडचण नाही. उशीर झाला तर शिल्लक अशी जाते: जूनअखेर उणे ७,७००, जुलैअखेर उणे ३१,७००, ऑगस्टअखेर उणे ४९,७००.

यातला जूनचा खड्डा बचत गटाच्या कर्जाने भरायचा. ७,७०० ला शेकडा दोनने महिन्याला १५४ रुपये, चालतं. जुलैचा मात्र गटाला झेपत नाही. म्हणून कागद एप्रिलमध्येच सोसायटीत द्यायचे, जून उजाडायची वाट बघायची नाही.

उलटा आणि नेहमी घडणारा प्रकार असा: मार्चमध्ये पैसे दुसरीकडे गेलेले असतात, मग नव्या-जुन्यासाठी सावकाराकडून पूर्ण एक लाख शेकडा तीनने घ्यायचे, ‘आठ दिवसांत देतो’ म्हणून. महिना लागला तर ३,०००, दोन लागले तर ६,०००. बिनव्याजी कर्ज टिकवण्यासाठी त्याच्या व्याजाहून जास्त रक्कम गेली. घरात हे घडतं आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे: कर्ज भरल्याची पावती आणि सावकाराची चिठ्ठी एकाच आठवड्यातल्या असतात.

आणखी एक. नवे एक लाख खात्यावर येतात तेव्हा ते शेतीचे वाटतात, पण जून ते ऑगस्टचा शेतीखर्च ४७,१०० आहे आणि त्यातले पेरणीचे २३,१०० आधीच बाजूला आहेत. कर्जातून शेतीला ७,७०० ची फेड धरून फार तर ३२,००० लागतात. उरलेल्या रकमेवर जुलै ते ऑक्टोबर घर चालतं. हे लपवण्यात अर्थ नाही. पीककर्जावर घर चालतं हे पत्रकात उघड लिहिलं तरच, ऑक्टोबरला त्यातले २९,३०० हातात उरले पाहिजेत याची आठवण राहते. नवं कर्ज आलं की त्याच दिवशी दुसरी वाटणी: चार महिन्यांचे ३६,००० पगाराच्या खात्यात, तण आणि फवारणीचे २४,००० वेगळे, आजारपणाचे ३,०००, आणि बाकीचे मुदत ठेवीत. ती ठेव सुगीला, २५ सप्टेंबरच्या आसपास मोकळी व्हावी.

८ जून २०२५

पेरणीची ठेव मोकळी झाली. कृषी केंद्रात जाताना दोन भाव विचारून लिहायचे, नगदी आणि उधारी. खताच्या पिशवीवर छापील किंमत असते, तिथे वाव कमी. तणनाशक आणि कीटकनाशकाच्या बाटल्यांत फरक मोठा असतो. उधारीत बाटली कुठली घ्यायची हेही दुकानदार ठरवतो, आणि तिथे जास्त नुकसान होतं.

दुबार पेरणीची तजवीज पत्रकात नव्हती. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर होण्याआधी पेरलं आणि उघडीप पडली तर घरचं बियाणं संपलेलं असतं. म्हणून पुढच्या वर्षी बियाण्याला दोनऐवजी अडीच क्विंटल राखायचं. अर्ध्या क्विंटलचे २,१०० नोव्हेंबरच्या जमेतून कमी होतील. पेरणी साधली तर हे बियाणं जुलैत विकता येतं, मात्र बीजप्रक्रिया केलेलं असेल तर नाही.

जुलैच्या ओळीत पीकविम्याचा नवा खर्च आला. एक रुपयातला विमा या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हिस्सा भरायचा आहे. जिल्ह्याचा आकडा बघून तो डागडुजीतून वळवायचा.

३ ऑगस्ट २०२५

पीएम-किसानचा विसावा हप्ता काल, २ ऑगस्टला आला. जूनमध्ये येईल असं धरून शाळेची फी त्यावर टाकणाऱ्या घरांना दीड महिना दुसरीकडे हात पसरावा लागला. तारीख न धरण्याचा निर्णय बरोबर होता.

आज ताण देऊन पाहिला. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे झालं आणि फक्त सोयाबीनचा भाव पडला, तर २९,३०० ची शिल्लक क्विंटलमागे ७७० रुपयांची घसरण सोसते, म्हणजे ३,४३० पर्यंत. उतारा घटला तर? कमी आलेल्या प्रत्येक क्विंटलमागे मळणी-वाहतूक वाचून ३,८७० जातात. साडेसात क्विंटल कमी आले की शिल्लक संपली. चाळीसमध्ये साडेसात म्हणजे पाचवा हिस्साही नाही, आणि शेंगा भरताना पंधरा दिवस पाऊस ओढला किंवा काढणीच्या वेळी शेतात पाणी उभं राहिलं तर एवढी घट सहज होते. घरात चर्चा नेहमी भावाची होते, पण हे पत्रक आधी मोडेल ते उताऱ्याने.

म्हणून कपातीचा क्रम आताच, शेतात पीक हिरवं असताना लिहून ठेवला. ३० सप्टेंबरला शेंगा मोजून उताऱ्याचा अंदाज घ्यायचा. ३२ क्विंटलच्या खाली दिसला तर हातातले दिवाळीचे १२,००० आधी ६,००० करायचे आणि आहेराच्या पुढच्या वर्षीच्या रकमेतले निम्मे काढायचे. त्याने भागलं नाही तर कापणीची अर्धी उचल. सोसायटीचे एक लाख, हरभऱ्याची पेरणी आणि ९,००० चा पगार यांना हात लावायचा नाही. पगार कापला की तो खर्च थांबत नाही, दुकानदाराच्या वहीत जाऊन बसतो आणि पत्रकातून दिसेनासा होतो.

पुढची तपासणी ३० सप्टेंबरला. त्याआधी कापणीच्या ठेवीची पावती कपाटात आहे का आणि तिची तारीख बरोबर आहे का, एवढं बघायचं.